एका अक्षरात दोन वर्षांचं अंतर

२०२३ च्या दिवाळीआधी, सोयाबीनचे पैसे हातात आले तसा सेलूचा माझा मावसभाऊ टीव्हीच्या मागे लागला. एका रात्री फोन आला, "दादा, दोन्ही त्रेचाळीस इंची, दोन्ही सॅमसंग फोर-के, फोटोबी सेमच दिसायलेत. मग एक दोन हजारानं सस्ता कसा काय?" मी म्हटलं, नाव राहू दे, खाली तपशिलात मॉडेल नंबर असेल तो पाठव. त्यानं हे दोन पाठवले:

```
UA43AUE60AKLXL
UA43CUE60AKLXL
```

चौदा अक्षरांपैकी फरक फक्त पाचव्या जागेवर. पण दोन हजारांचा हिशोब तिथेच होता.

डावीकडून वाचू. पहिलं U म्हणजे साधा एलईडी टीव्ही. क्यूएलईडी असता तर तिथे Q आलं असतं. दुसरं A आशिया-आफ्रिकेच्या बाजारपेठेचं आहे. युरोपात तिथे E येतं, अमेरिकेत N. मग 43 हे पडद्याच्या कर्णाचे इंच. त्याच्यापुढचं पाचवं अक्षर वर्षाचं. सॅमसंगकडे २०१९ ला R, २०२० ला T होतं. २०२१ ला पुन्हा A पासून सुरुवात झाली, म्हणून २०२२ चं B आणि २०२३ चं C. म्हणजे स्वस्तातला टीव्ही दोन वर्षं जुन्या पिढीचा होता. पुढचं U फोर-केचं, E60 ही मालिका. त्यानंतरची काही अक्षरं कंपनीच्या आतल्या कामाची. ती सोडून शेवटचं XL तेवढं बघायचं. ते भारताचं.

भावाचा पुढचा प्रश्न रास्त होता: "खोक्यावर तर बनवल्याची तारीख असती ना, मग?" असते. पण ती तो नग कारखान्यातून कधी निघाला ते सांगते, त्याची रचना कोणत्या सालची ते नाही. २०२१ चं मॉडेल पुढेही बनत राहिलं, तर खोक्यावर नवा महिना छापला जातो आणि आत प्रोसेसर व सॉफ्टवेअर जुन्या पिढीचं असतं. स्मार्ट टीव्हीचं आयुष्य पडद्याइतकंच ॲप किती काळ चालतात त्यावर ठरतं. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्स सॅमसंगच्या २०१० आणि २०११ च्या काही टीव्हींवर बंद झालं. पडदे धड होते, पण ॲप गेलं.

ही अक्षरं एका कंपनीची दुसरीला लावू नयेत. एकट्या K कडे बघा: सॅमसंगच्या KU मालिकेत ते २०१६, एलजीच्या UK मध्ये २०१८ आणि सोनीच्या X75K मध्ये २०२२. एलजीच्या साध्या फोर-के टीव्हीत इंचांनंतरचं दुसरं अक्षर पाहायचं: UP २०२१, UQ २०२२, UR २०२३. सोनीत ते आकड्यांच्या शेवटी असायचं, J, K, L असं. २०२४ पासून नव्या नावांत त्यांनी ते काढूनच टाकलं. सॅमसंगनंही २०२५ मध्ये अक्षर नावाच्या शेवटी नेलं, U8000F मधलं F हे त्या वर्षाचं. तेव्हा हा तक्ता पाठ करण्यात अर्थ नाही. नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पडताळावा.

शेपटीची अक्षरं आपल्याकडे दुसऱ्या कारणानंही बघावी लागतात. आखातातून परतणारे लोक टीव्ही आणतात, मग तो जुन्या वस्तूंच्या ॲपवर विकायला येतो. अमिरातीच्या सॅमसंगचा नंबर ZN वर संपतो. तो आपल्या विजेवर चालेल, पण इथली वॉरंटी मिळेलच असं धरून चालू नका. अमेरिकेचा UN ने सुरू होऊन ZA वर संपणारा मात्र जपून. त्यातल्या बऱ्याच टीव्हींच्या मागच्या पट्टीवर 110-120V लिहिलेलं असतं, आणि आपल्या २३० व्होल्टला ते लावले तर जळू शकतात. पट्टीवर 100-240V दिसलं तरच प्लग लावावा.

नंबरातून सगळं कळतं असंही नाही. एकाच मॉडेलमध्ये कधी एका जातीचा पॅनेल असतो, कधी दुसऱ्या. बाजूला बसून पाहिल्यावर एकाचे रंग फिके पडतात, दुसऱ्याचे तेवढे नाही. हे नंबर सांगत नाही. शिवाय कंपन्या जवळपास तोच टीव्ही वेगवेगळ्या विक्रेत्यांना वेगळ्या नंबरानं देतात. मग किमतींची तुलना करायला गेलं की "हे मॉडेल आमच्याकडे नाही" हे उत्तर ठरलेलं. ही मला सरळ चलाखी वाटते.

भावानं C वाला मागवला. डिलिव्हरीवाला दारात असतानाच त्याला खोक्यावरचा नंबर वाचायला लावला. पूर्ण वाच म्हटलं, कारण दुकानाच्या पानावर ठळक फक्त "43 इंच क्रिस्टल" असतं आणि खोकी बदलतात. चालू केल्यावर सेटिंगमधल्या "About This TV" मध्येही तोच नंबर निघाला, तेव्हा कुठे त्यानं जुना टीव्ही आज्जीच्या खोलीत हलवला.