शून्य सावली दिवस (इंदूर)

सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर, म्हणजे खमध्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाशी मावते, त्या दिवसाला शून्य सावली दिवस म्हणतात. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान असलेल्या प्रत्येक गावी हा दिवस वर्षातून दोनदा येतो. नेमक्या या वृत्तांवरच्या गावी तो एकदाच येतो, त्यांच्या पलीकडे कधीच येत नाही.

पृथ्वीचा आस कललेला असल्याने वर्षभरात सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला सुमारे २३.४४ अंशांपर्यंत सरकतो. विषुववृत्तापासूनच्या त्याच्या या अंतराला क्रांती म्हणतात. सूर्याची क्रांती गावाच्या अक्षांशाइतकी झाली की त्या गावी सूर्य माथ्यावर येतो. उत्तरेकडे जाताना सूर्य गावाचा अक्षांश एकदा ओलांडतो आणि २१ जूननंतर मागे फिरल्यावर पुन्हा एकदा. दोन दिवस येतात ते यामुळेच. इंदूरचा अक्षांश सुमारे २२.७२ अंश असल्याने तिथे हे दिवस ६-७ जून आणि ५-६ जुलैच्या सुमारास पडतात. लीप वर्षामुळे तारीख एखाद्या दिवसाने मागेपुढे होते. पुण्यात हाच दिवस मेच्या मध्याला येतो. तिकडच्या नातेवाइकांचे फोटो पाहून त्याच दुपारी इंदूरच्या गच्चीवर काठी उभी केली, तर एक मीटर काठीची सात सेंटीमीटरांहून लांब सावली उत्तरेकडे पडलेली दिसेल.

इंदूर कर्कवृत्ताच्या इतके जवळ आहे की दोन्ही दिवसांमध्ये जेमतेम महिन्याचे अंतर राहते. त्या महिन्यात सूर्य खमध्यापासून फार लांब जात नाही. २१ जूनला तो पाऊण अंशाहून थोडा कमी उत्तरेला असतो आणि एक मीटर काठीची मध्यान्हाची सावली सव्वा सेंटीमीटरच असते. फक्त ती दक्षिणेकडे पडते. एरवी वर्षभर उत्तरेकडे पडणारी सावली या चार आठवड्यांत दिशा बदलते, आणि शून्य सावलीपेक्षा हीच गोष्ट पाहण्यासारखी आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात क्रांती दिवसाला साधारण एक दशांश अंशाने बदलते. म्हणून एक दिवस चुकला तर एक मीटर काठीच्या सावलीत दोन मिलिमीटरांहूनही कमी फरक पडतो, आणि तो डोळ्याला कळणे कठीण. सूर्य हा बिंदू नसून सुमारे अर्धा अंश रुंदीचे बिंब असल्याने एवढ्या लांबीवर सावलीची कडाच नऊ-दहा मिलिमीटर पुसट होते. वेळेच्या चुकीचा परिणाम मात्र मोठा असतो. माथ्यावर आलेला सूर्य पश्चिमेकडे सरकत असतो आणि काठीची सावली दर मिनिटाला सुमारे चार मिलिमीटर पूर्वेला लांबते. म्हणजे दोन मिनिटांची चूक चार दिवसांच्या चुकीहून मोठी ठरते. इंदुरात तारखेपेक्षा घड्याळ जपायला हवे.

मध्यान्ह घड्याळात बारा वाजता होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरते आणि इंदूर त्याच्या साडेसहा अंशांहून अधिक पश्चिमेला आहे. दर अंशाला चार मिनिटे धरली तर सुमारे साडेसव्वीस मिनिटांचा उशीर होतो. त्यात सूर्याच्या असमान गतीमुळे थोडी बेरीज-वजाबाकी करावी लागते. त्यामुळे जूनमध्ये मध्यान्ह १२:२५ च्या आसपास आणि जुलैमध्ये १२:३१ च्या आसपास होतो. वडोदरा आणखी पश्चिमेला आहे. तिथले दिवस सुमारे ३ जून आणि ९ जुलै असून मध्यान्ह जूनमध्ये १२:३५ च्या सुमारास येतो.

गच्चीवरच्या प्रयोगात दोन गोष्टी फसवतात. पहिली म्हणजे पालथा स्टीलचा पेला. दहा सेंटीमीटर उंच पेल्याची २१ जूनची सावली एक मिलिमीटरच्या आसपास असते. शिवाय पालथ्या पेल्याचा घेर खाली रुंद असल्याने तीही झाकली जाते, आणि महिनाभर रोजच सावली हरवल्यासारखी वाटते. दुसरी म्हणजे गच्चीचा उतार. पाणी वाहून जावे म्हणून मीटरला एक सेंटीमीटर ढाळ दिला असेल, तर त्या फरशीवर काटकोनात उभी केलेली काठी अर्ध्या अंशाहून जास्त कलते. सूर्य ज्या पाऊण अंशात महिनाभर फिरतो त्याच्या मानाने ही चूक मोठीच. म्हणून काठी फरशीकडे न पाहता ओळंब्याने उभी करावी. काठीपेक्षाही सोपे म्हणजे ओळंब्यात धरलेला सरळ पाईप: सूर्य माथ्यावर असला की खालच्या कागदावर गोल उजेड पडतो, नाहीतर कडेने काप येतो.

सावलीने क्रांती मोजण्याचे शंकू यंत्र जवळच उज्जैनच्या वेधशाळेत आहे. सवाई जयसिंहाने उभारलेल्या या वेधशाळेचा जीर्णोद्धार ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी करवला. ग्वाल्हेर स्वतः मात्र २६.२ अंशांवर, कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. तिथे २१ जूनलाही एक मीटर काठीची सुमारे पाच सेंटीमीटर सावली उरते.

इंदूरकरांना प्रत्यक्षात बहुधा जूनचाच दिवस मिळतो, कारण जुलैच्या पहिल्या आठवड्यात माळव्यात पावसाळी ढग असतात.