पात्याचे पोलाद व उष्णता संस्करण

सुरी, कोयता, वस्तरा इत्यादींच्या पात्यांसाठी वापरले जाणारे पोलाद व त्याला पाणी देण्याची, म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण करण्याची, प्रक्रिया. पाते कठीण असले, की धार दुमडत नाही आणि जास्त दिवस टिकते. ते चिवट असले, की हाडावर किंवा लाकडाच्या गाठीवर आपटूनही धारेची कपची उडत नाही. मात्र एकाच पोलादात यांपैकी एक गुण वाढवला, की दुसरा बहुधा घटतो.

साध्या पोलादाची कठिनता मुख्यतः कार्बनावर अवलंबून असते. गाडीच्या कमानीच्या पाट्यात तो साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, म्हणून घाव सोसणाऱ्या कोयत्याला तो पाटा योग्य ठरतो. सुमारे ०.८ टक्क्यांपलीकडचा जादा कार्बन कार्बाइडाच्या कठीण कणांच्या रूपात राहतो. हे कण झीज रोखतात, पण मोठे झाल्यास तडा तिथूनच सुरू होतो.

भारतीय वुट्झ पोलादात कार्बन साधारण दीड टक्का असे. मुंबईहून हेलेनस स्कॉट यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवलेल्या नमुन्यांवर जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत निबंध वाचला. ‘वुट्झ’ हे नाव कन्नड ‘उक्कु’ या शब्दावरून आले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याच्या पात्यांवरील लहरींसाठी व्हॅनेडियमासारख्या धातूंचा अत्यल्प अंश कारणीभूत असल्याचे धातुशास्त्रज्ञ व्हरहोवेन व पाती घडवणारे लोहार पेंड्रे यांनी प्रयोगांनी दाखवले.

समजा, ०.९५ टक्के कार्बनाची स्वयंपाकाची सुरी आहे. पाते तापवताना सुमारे ७७० अंश सेल्सिअसला त्याला लोहचुंबक चिकटेनासा होतो. तिथून थोडे वर, ८०० अंशांच्या आसपास नेऊन ते कोमट तेलात बुडवतात. पाणी नीट बसले असेल, तर कानस धातू न कापता नुसती घसरते. या अवस्थेत रॉकवेल कठिनता ६५ च्या आसपास असते, पण पाते हातून पडले तरी काचेसारखे तुटू शकते. म्हणून ते लगेच २०० अंशांवर दोन तास, आणि थंड झाल्यावर पुन्हा तितकाच वेळ तापवतात. कठिनता ६० ते ६१ वर उतरते, आणि तेवढ्या उतारात पाते वापराजोगे चिवट होते.

चूक बहुतेक वेळा पहिल्या तापवण्यात होते. पाते नारिंगी-पिवळे होईपर्यंत तापवले, की पोलादाचे स्फटिक-कण वाढतात. अशा वेळी कठिनता मोजल्यास ती जवळपास तेवढीच भरते, म्हणून दोष लपून राहतो. त्याच पोलादाचा तुकडा तसाच तापवून, पाणी देऊन मोडून पाहावा. मोडीचा पृष्ठभाग मखमलीसारखा राखाडी दिसला, तर काम नीट झाले. साखरेसारखा चमचमला, तर पाते ठिसूळ आहे. पुढचे मंद तापवणे हा दोष काढू शकत नाही. पाते पुन्हा योग्य तापमानापर्यंत तापवून व हवेत थंड करून कण पुन्हा बारीक करावे लागतात. सहाणयंत्रावर घासताना धारेला निळी झाक आली, तर तिथले तापमान ३०० अंशांच्या जवळ गेलेले असते आणि धार मऊ पडते. तो भाग घासून काढणे एवढाच उपाय उरतो.