एका प्रश्नात दोन प्रश्न घुसले की सर्व्हे वाया जातो

"अमुक टक्के लोक सेवेच्या दर्जावर आणि वेगावर समाधानी" अशी हेडलाइन दिसली की मी आधी मूळ प्रश्न शोधतो, कारण बऱ्याचदा घोळ तिथेच झालेला असतो. लोकांना वाटतं सर्व्हे चुकतो तो कमी माणसांना विचारल्यामुळे. तसंही होतं, पण प्रश्नच जोडप्रश्न असेल, म्हणजे डबल-बॅरल, तर कितीही लोकांना विचारलं तरी काही फरक पडत नाही.

एक उदाहरण घेऊ. दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या पेशंटना विचारलं, "इथले कर्मचारी नम्र आणि तत्पर होते का? हो / नाही." समजा १०० पेशंट आहेत. त्यातल्या ३० जणांना कर्मचारी नम्रही वाटले आणि तत्परही, ४० जणांना नम्र वाटले पण कामात ढिले, १० जणांना झटपट पण तुसडे, आणि उरलेल्या २० जणांना दोन्ही बाबतीत वाईट अनुभव आला. आता "हो" किती येतील?

जो माणूस "आणि" हा शब्द काटेकोरपणे घेतो तो दोन्ही असेल तरच हो म्हणणार. सगळेच असे निघाले तर हो येतात ३०. पण काहीजण जे आधी आठवलं त्यावर उत्तर देतात, काहीजण "एकंदरीत बरं होतं" म्हणून हो म्हणतात. सगळ्यांनीच एक गोष्ट चांगली असली तरी हो म्हटलं, तर आकडा जातो ८० वर. पेशंट तेच, अनुभव तोच, आणि आकडा ३० ते ८० मध्ये कुठेही पडू शकतो! कोणी कसा अर्थ लावला हे फॉर्मवर कुठे लिहिलेलंच नसतं, त्यामुळे ते नंतर शोधूनही काढता येत नाही.

बरं, धरून चालू की सगळ्यांनी काटेकोर उत्तर दिलं. तरी सुटका नाही. दुसरा एक दवाखाना घ्या, तिथे ३० जणांना दोन्ही चांगलं वाटलं, १० जणांना फक्त नम्र, ४० जणांना फक्त तत्पर आणि २० जणांना काहीच नाही. इथेही ३० हो, ७० नाही. पण पहिल्या दवाखान्यात ७० जणांना नम्रपणा दिसला आणि ४० जणांना तत्परता, दुसऱ्यात बरोबर उलटं. एकीकडे काम अडतंय कुठे ते बघायला हवं, दुसरीकडे बोलण्याचं ट्रेनिंग द्यायला हवं, आणि रिपोर्ट मात्र दोघांचा सारखाच.

१ ते ५ ची स्केल दिली तर सुटेल असं वाटतं, पण तसंही नाही. नम्रपणाला ५ आणि वेगाला १ देणारा माणूस मधल्या ३ वर टिक करून मोकळा होतो, आणि ज्याला दोन्ही ठीकठाक वाटलं तोही ३ वरच टिक करतो. सर्व्हेचे अभ्यासक जॉन क्रॉस्निक यांनी १९९१ मध्ये मांडलं होतं की प्रश्न जड झाला की माणूस डोकं कमी चालवून चालून जाईल असं उत्तर देतो. जोडप्रश्न त्याला ती सवड आयतीच देतो. आणि सॅम्पल मोठं केल्याने योगायोगाची चूक कमी होते, प्रश्नातली चूक जशीच्या तशी राहते, म्हणून "तब्बल दहा हजार लोकांचा कौल" वगैरे जाहिरातबाजीवर भाळू नका.

मग तोडायचं कसं? स्वतःला विचारा, पहिल्या भागाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणारा माणूस असू शकतो का? असेल तर प्रश्न दोन करा. "कर्मचारी तुमच्याशी नम्रपणे बोलले का?" हा एक, आणि "आल्यापासून डॉक्टरांना भेटेपर्यंत साधारण किती मिनिटं थांबावं लागलं?" हा दुसरा. पण पहिल्यात अजून एक जोड लपलीये, "कर्मचारी" म्हणजे रिसेप्शनवाले की नर्स? ज्याचा निकाल वापरायचा आहे त्याचंच नाव घ्या. नम्रपणा आणि वेग दोन्ही मिळालेले किती हे हवं असेल तर ते वेगळं विचारू नका, प्रत्येक माणसाची दोन उत्तरं एकत्र ठेवून मोजता येतं.

"आणि" नसलेले जोडप्रश्न जास्त फसवे. "वेळ वाचतो म्हणून ऑनलाइन अपॉइंटमेंट घेता का?" यात घेता का आणि का घेता, दोन्ही आहे. दुसऱ्या कारणासाठी घेणाऱ्याने कशावर टिक करायचं? आधी घेता का विचारा, हो म्हणणाऱ्यांनाच कारण विचारा.

प्रत्येक "किंवा" मात्र वाईट नसतो. "गेल्या ७ दिवसांत ताप किंवा खोकला होता का?" हा प्रश्न नुसतं पेशंटला वेगळं बसवायचं का हे ठरवायला असेल तर चालतो, कारण दोन्हीपैकी काहीही असलं तरी निर्णय एकच.

आणि तुमचा जुना जोडप्रश्न दरवर्षी विचारला जात असेल तर एकदम बदलू नका, नाहीतर आकडा प्रश्नामुळे हलला की सेवेमुळे हे कळणार नाही. एका वर्षी चिठ्ठ्या टाकून अर्ध्या लोकांना जुना प्रश्न द्या आणि अर्ध्यांना नवे दोन, म्हणजे जुना आकडा नव्यांच्या शेजारी ठेवून बघता येतो. गेल्या वर्षांचा डेटा मात्र तोडून मिळणार नाही.