पोटातल्या पाण्यात सुई आणि जंतूंची भीती

“बाबांना सिरॉसिस आहे, पोटात पाणी झालंय. सुई घातली की जंतू आत जातात म्हणतात. ताप नाही, पोट दुखत नाही, मग पाणी कशाला तपासायचं?”

संसर्ग झालाच तर जंतू बहुतेक वेळा आतूनच आलेले असतात. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जातं तेव्हा, आतड्यातले जंतू भिंत ओलांडून पोटातल्या पाण्यात उतरतात आणि तिथे त्यांना अडवणारी प्रथिनं कमी पडतात. सुईमुळे संसर्ग होणं फार दुर्मीळ. ताप नसणं हा भरवसा नव्हे. कधी नुसती असंबद्ध बडबड, गुंगी किंवा मूत्रपिंडं मंदावल्याचं दाखवणारं वाढलेलं क्रिएटिनिन एवढीच खूण असते. म्हणूनच असा रुग्ण दाखल झाला की लगेच, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, थोडं पाणी काढतात.

समजा, रिपोर्टमध्ये एका घन मिलिमीटरला 1200 पांढऱ्या पेशी आहेत, त्यात जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी 70 टक्के. म्हणजे 840 न्यूट्रोफिल. मर्यादा 250 ची, तेव्हा अँटिबायोटिक त्याच दिवशी, शिरेतून. कल्चरची, म्हणजे पाण्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीची, वाट पाहायची नाही. त्यात पुष्कळदा जंतू उगवतच नाहीत. पाणी खाटेपाशीच ब्लड कल्चरच्या बाटलीत भरलं तर उगवण्याची शक्यता वाढते. सोबत अल्ब्युमिन हे प्रथिन शिरेतून देतात, मूत्रपिंडं वाचावीत म्हणून.

बरं झाल्यावरही हा संसर्ग उलटतो. त्यामुळे पुढे बहुधा रोज नॉरफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक 400 मिलिग्रॅम देतात. रक्ताची उलटी झालेल्या सिरॉसिसच्या रुग्णालाही काही दिवस प्रतिबंधक अँटिबायोटिक लागतं. सरसकट सगळ्यांना मात्र नाही, कारण जंतू औषधाला दाद देईनासे होतात.