न सुधारलेल्या चुकांचा हिशेब: ऑडिट रिपोर्टवर सही करण्याआधी

ऑडिटमध्ये सापडलेल्या चुका कशा तोलायच्या हे सांगणारा ऑडिटिंगचा मानक, एसए ४५०, कंपनीच्या वैधानिक ऑडिटला लागू होतो. मकरपुरा जीआयडीसीतली छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनीही त्यातून सुटत नाही. किरकोळ ठरवलेल्या रकमेच्या वरची प्रत्येक चूक एका तक्त्यात जमा करायची आणि मॅनेजमेंटला ती दुरुस्त करायला सांगायचं. त्यांनी नाही म्हटलं तर कारण विचारायचं. उरलेल्या चुका तोलण्याआधी मात्र मटेरियालिटी, म्हणजे जिच्या वरच्या चुका हिशेब वाचणाऱ्याचा निर्णय बदलू शकतात ती मर्यादा, पुन्हा तपासायची. वडोदऱ्यातल्या आपल्या आर्टिकल मुलांचा घोळ मी बहुतेक वेळा इथेच होताना पाहिला आहे.

समजा, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीचा करपूर्व नफा ४ कोटी येईल असं धरून नियोजनात ५ टक्के, म्हणजे २० लाख मटेरियालिटी ठेवली होती. प्रत्यक्ष नफा आला २ कोटी ६० लाख. तक्त्यात तीन चुका आहेत आणि तिन्ही नफा फुगवणाऱ्या. ३१ मार्चला बिल फाडलं, पण माल २ एप्रिलला गेटबाहेर पडला. त्याने नफा ८ लाखांनी जास्त दिसतो. बुडीत उधारीची तरतूद आपल्या मते ४ लाखांनी कमी आहे. साठ्याच्या नमुन्यात सापडलेली चूक पूर्ण साठ्याला लावली की ३ लाख येतात. एकूण १५ लाख.

२० लाखांच्या आत आहेत म्हणून फाइल बंद करायचा मोह होतो. पण प्रत्यक्ष नफ्यावर ५ टक्के १३ लाखच होतात, आणि १५ लाख त्याच्या वर जातात. चुका मावाव्यात म्हणून मर्यादा वाढवणं तर चालतच नाही. ती बदलायची ती आकड्यांमुळे, आलेल्या चुकांमुळे नाही. मर्यादा खाली आली की तिच्या ७५ टक्के धरलेली, तपासणी करताना वापरायची कामाची मर्यादाही १५ लाखांवरून पावणेदहा लाखांवर येते, म्हणून आधीची तपासणी पुरेशी होती का हेही बघावं लागतं.

इथे मी आधी ८ लाखांची नोंद मागेन. तिथे मताचा प्रश्न नाही; गेटपास आणि लॉरी रिसीट तारीख सांगतात. विक्री आणि येणी कमी करून माल शेवटच्या साठ्यात परत घेतला की नफा २ कोटी ५२ लाख होतो, मर्यादा १२ लाख ६० हजार, आणि उरतात ७ लाख. मालकाने हात वर केले तर बोर्डाला लेखी कळवायचं. तरीही दुरुस्ती झाली नाही, तर एसए ७०५ प्रमाणे ऑडिट रिपोर्टमधलं मत बदलावं लागेल.

रक्कम लहान असली तरी तिच्यामुळे तोटा नफ्यात बदलत असेल किंवा बँकेची अट पाळल्यासारखी दिसत असेल, तर ती मोठीच धरायची. मागच्या वर्षीच्या न सुधारलेल्या चुकाही याच तक्त्यात येतात.

फाइलला लागणारी कागदपत्रं: चुकांचा तक्ता, किरकोळ रकमेची मर्यादा, सुधारित मटेरियालिटीचा कागद, निष्कर्ष आणि त्याचं कारण. शिवाय मॅनेजमेंटचं लेखी निवेदन: उरलेल्या चुका एकेकट्या आणि एकत्रितही महत्त्वाच्या नाहीत, असं त्यात हवं, आणि त्या चुकांची यादी त्याच पत्राला जोडलेली.