थिअरी सिद्ध झाली की नियम होते, हे कुणी सांगितलं?

"शेजारचं घर दोन दिवस बंद आहे. माझी थिअरी अशी की ते गावाला गेलेत." इथे थिअरी म्हणजे अंदाज. बोलण्यातला हा वापर सगळ्यांच्या ओळखीचा आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. चीड येते ती पुढच्या वाक्याची: "उत्क्रांती ही नुसती थिअरी आहे, सिद्ध झाली असती तर तिला नियम म्हटलं असतं."

या वाक्यामागे एक शिडी आहे. खाली अंदाज, मध्ये थिअरी, वर नियम. विज्ञानात अशी शिडीच नाही. नियम काय घडतं ते सांगतो, बहुतेकदा एखाद्या सूत्रात. सिद्धांत, म्हणजे थिअरी, ते तसं का घडतं ते सांगतो. एकाला बढती मिळून दुसरा होत नाही.

बुधाचंच बघा. सूर्याभोवती फिरताना त्याची लंबवर्तुळाकार कक्षाही हळूहळू वळत जाते. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने इतर ग्रहांची ओढ धरून हिशोब केला, तरी शतकाला सुमारे 43 विकला जास्तीच्या उरत होत्या. एका अंशात 3600 विकला, म्हणजे एक अंशाचा फरक पडायला आठ हजारांहून जास्त वर्षं. एवढीशी चूक, पण ती काही केल्या जाईना.

ही तफावत फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएने 1859 मध्ये मांडली. गणितावरून नेपच्यूनची जागा सांगणारा हाच तो माणूस. त्याने सुचवलं की सूर्याजवळ न दिसलेलं काहीतरी, कदाचित एखादा ग्रह, असावं. त्या ग्रहाला व्हल्कन नावही मिळालं, ग्रहणांच्या वेळी शोध झाला, पण ग्रह सापडला नाही. व्हल्कन हे गृहीतक होतं, रोजच्या बोलण्यातल्या 'थिअरी'च्या सर्वांत जवळचं. त्याचं वस्तुमान आणि अंतर 43 चा आकडा जुळेल असं निवडता येत होतं.

1915 मध्ये आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेतून, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्याच्या नव्या सिद्धांतातून, तोच आकडा निघाला. इथे जुळवून घ्यायला काही मोकळं नव्हतं. सूर्याचं वस्तुमान, प्रकाशाचा वेग, बुधाची कक्षा, सगळं आधीच मोजलेलं. शिवाय त्याच समीकरणांतून सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश किती वाकेल हेही ठरत होतं. एका ठिकाणी हात घालून आकडा बदलावा, तर दुसरीकडे चुकणार. अंदाजाला असं बांधलेलं राहावं लागत नाही.

म्हणजे 'नियम' बुधापाशी तोकडा पडला आणि तो दुरुस्त केला 'थिअरी'ने. मराठीत मी अशा ठिकाणी 'सिद्धांत'च लिहितो, निदान 'नुसता सिद्धांत' म्हणताना जीभ अडखळते. मात्र त्यातल्या 'सिद्ध'वरून तो कायमचा झाला असंही समजू नये. कृष्णविवराच्या केंद्राशी सामान्य सापेक्षतेचीही गणितं कोलमडतात. उद्या तिची जागा घेणारा सिद्धांत आला, तर बुधाच्या त्या 43 विकला त्यालाही काढून दाखवाव्या लागतील.