सहा महिने की तीन वर्षं? शिक्षेचं माप कसं ठरतं

१२ नोव्हेंबर २००६. पहाटेचे पावणेचार वाजून गेले होते. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर भरधाव आलेली मोटार फुटपाथवर चढली. रस्त्याच्या दुरुस्तीचं काम करणारे मजूर तिथेच झोपले होते. सात जण दगावले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात अल्कोहोलचं प्रमाण ०.११२ टक्के निघालं, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ११२ मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे.

एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाने चालकाला सहा महिन्यांची साधी कैद आणि पाच लाख रुपये दंड सुनावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा वाढवून तीन वर्षं सक्तमजुरी केली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तीन वर्षं कायम ठेवली, मात्र इतकी शिक्षा फारच तोकडी आहे असंही नोंदवलं. राज्य सरकारने शिक्षावाढीसाठी अपीलच केलं नव्हतं, म्हणून न्यायालयाने तो मुद्दा पुढे नेला नाही.

घटना तीच, मृत तेच, रक्ताचा अहवालही तोच. तरी तीन न्यायालयांची मापं वेगळी निघाली. हे कसं झालं ते समजून घ्यायचं, तर शिक्षा कशासाठी द्यायची याची जी उत्तरं शेकडो वर्षांपासून दिली जात आहेत, ती निकालपत्रात नेमकी कुठे शिरतात ते पाहावं लागतं.

पहिलं उत्तर प्रतिशोधाचं. या शब्दाने सूडाची आठवण होते, पण कायद्यातला प्रतिशोध हा सूडाला घातलेला लगाम आहे. गुन्हेगाराचा दोष जेवढा, तेवढीच शिक्षा. कमी नाही आणि जास्तही नाही. दोष मोजताना दोन गोष्टी पाहतात. नुकसान किती झालं, आणि करणाऱ्याच्या मनात काय होतं. कार्टर रोडच्या खटल्यात नुकसानीबद्दल वाद नव्हताच. सगळी लढाई दुसऱ्या प्रश्नावर झाली.

तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत यासाठी दोन कलमं होती. कलम ३०४-अ हयगयीने झालेल्या मृत्यूचं, त्यात जास्तीत जास्त दोन वर्षं. कलम ३०४ चा दुसरा भाग सदोष मनुष्यवधाचा, त्यात जास्तीत जास्त दहा वर्षं. या कृत्याने कुणाचा जीव जाऊ शकतो याची जाणीव करणाऱ्याला होती का, एवढ्यावर फरक पडतो. मारण्याचा हेतू असण्याची गरज नाही. सत्र न्यायालयाने हयगय धरली. उच्च न्यायालयाने उलट धरलं: दारू पिऊन, अशा वेगात, माणसं झोपलेल्या फुटपाथजवळून गाडी हाकणाऱ्याला परिणामाची जाणीव असलीच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानेही तेच मानलं.

इथे एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सत्र न्यायालयाने दोन वर्षांपैकी सहा महिने दिले, म्हणजे कमाल शिक्षेचा पाव हिस्सा. उच्च न्यायालयाने दहांपैकी तीन वर्षं दिली, म्हणजे तीस टक्के. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वाटतं की एक न्यायाधीश मवाळ निघाला आणि दुसरा कडक. प्रत्यक्षात दोघांनी आपापल्या पट्टीवर जवळपास सारख्याच ठिकाणी बोट ठेवलं. पट्टीच बदलली होती. म्हणून अशा खटल्यांत शिक्षेचा मोठा भाग शिक्षेच्या युक्तिवादाआधी, कलम ठरतानाच ठरून जातो. तपास अधिकाऱ्याने रक्ताचा नमुना वेळेत घेतला का, वेगाचा आणि ब्रेकच्या खुणांचा पंचनामा नीट केला का, यावर ती जाणीव सिद्ध होणं अवलंबून असतं.

दोष सिद्ध झाल्यावर सत्र खटल्यात शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं स्वतंत्रपणे ऐकावं लागतं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८(२) मध्ये आहे. दुसरं उत्तर, म्हणजे सुधारणेचं, शिरतं ते इथे. आरोपीचं वय, आधीची गुन्ह्यांची नोंद, घरची परिस्थिती, घटनेनंतरचं वागणं हे सगळं मांडायची ही एकमेव हक्काची जागा. परिवीक्षा, म्हणजे आपण ज्याला प्रोबेशन म्हणतो, त्याचा विचारही इथेच होतो. १९५८ च्या प्रोबेशन कायद्याच्या कलम ४ नुसार, ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर दोषीला सोडता येतं. दोषी २१ वर्षांखालचा असेल तर कलम ६ आणखी पुढे जातं: त्याला तुरुंगात पाठवायचंच असेल तर न्यायाधीशाला कारणं लिहावी लागतात.

बिघडतं ते याच टप्प्यावर. अनेकदा दोषी ठरवल्याच्या दिवशीच, काही मिनिटांत ही सुनावणी उरकली जाते. वकील दोन वाक्यं बोलतात: अशील तरुण आहे, घरचा एकुलता कमावता आहे. प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवलाच जात नाही. मग सुधारणेची शक्यता तपासली असं निकालपत्रात लिहिलेलं असतं, पण तपासायला समोर काही नसतं. निकालपत्र वाचताना हे ओळखणं सोपं आहे. शिक्षेच्या परिच्छेदात या विशिष्ट माणसाबद्दल काही आहे, की कुणालाही लागू पडतील अशी वाक्यं आहेत, एवढंच पाहायचं.

कार्टर रोडच्या चालकाच्या बाजूने सांगितलं गेलं की त्याने दोन महिने कैद भोगली आहे आणि दंड व भरपाई मिळून साडेआठ लाख रुपये भरले आहेत, तेव्हा तेवढ्यावर सोडावं. सर्वोच्च न्यायालयाने प्रोबेशनही नाकारलं आणि सवलतही. शिक्षेची दोन उद्दिष्टं न्यायालयाने सांगितली: जरब आणि सुधारणा.

जरब हे तिसरं उत्तर. एकाला शिक्षा झालेली पाहून बाकीचे वचकतील, असा त्यामागचा विचार. हे उत्तर प्रत्यक्ष मोजून तपासता येतं, आणि दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यावर ते चांगलं तपासलं गेलं आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९६७ पासून श्वासचाचणीचा कायदा लागू झाला. खूप गाजावाजा झाला होता, त्यामुळे आपण पकडले जाणारच असं लोकांना वाटलं. आठवड्याअखेरच्या रात्रीचे अपघात झपाट्याने उतरले. पण पोलीस फारशा चाचण्या घेत नाहीत हे हळूहळू चालकांच्या लक्षात आलं, तसा परिणाम ओसरत गेला. कायद्यातली शिक्षा मात्र तीच होती. याउलट ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात डिसेंबर १९८२ पासून रस्त्यावर कुणालाही थांबवून चाचणी घ्यायला सुरुवात झाली आणि पुढेही ती मोठ्या संख्येने चालू राहिली. तिथला फायदा टिकला.

इटलीच्या चेझारे बेक्कारियाने १७६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा ती चुकणार नाही या खात्रीने माणूस जास्त आवरतो. आजचे गुन्हेशास्त्रज्ञ आकडेवारी घेऊन त्याच निष्कर्षाला आले आहेत. पहाटे बारमधून निघालेला माणूस दोन वर्षं की दहा वर्षं याचा हिशेब करत नाही. पुढच्या नाक्यावर नाकाबंदी आहे का, एवढाच विचार त्याच्या डोक्यात येऊ शकतो. म्हणून न्यायाधीश जेव्हा ‘समाजात जरब बसावी म्हणून’ एवढंच कारण देऊन शिक्षा वाढवतो, तेव्हा त्या वाक्याकडे मी संशयाने पाहतो. जरबेचं काम बहुतांशी वाहतूक पोलिसांच्या हातात आहे, न्यायालयाच्या हातात त्याचा लहानसा भाग येतो.

तो लहान भागही वाया घालवता येतो. पंजाबमधल्या एका खटल्यात गाडीखाली दोघांचा जीव गेला होता. खालच्या न्यायालयाने एक वर्षाची कैद दिली. मृतांच्या कुटुंबाला भरपाई मिळाली म्हणून उच्च न्यायालयाने ती, आरोपीने तोवर भोगलेल्या २४ दिवसांवर आणली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवून सहा महिन्यांची शिक्षा दिली. भरपाई कुटुंबाचा हक्क आहे. ती मिळाली म्हणून चालकाचा दोष घटत नाही. हे दोन हिशेब एकत्र केले की ज्याच्याकडे पैसा आहे त्याचीच शिक्षा कमी होते, आणि ट्रकवर पगारी चालक असलेला माणूस पूर्ण मुदत भोगतो.

तरी सर्वोच्च न्यायालयाची भूमिकाही एकसारखी राहिलेली नाही. २००० साली दलबीर सिंग खटल्यात त्याने म्हटलं की हयगयीने जीव घेणाऱ्या चालकांना प्रोबेशनचा लाभ देऊ नये. पण दिल्लीत १९९९ मध्ये मोटारीखाली सहा जण मेले, त्या खटल्यात २०१२ मध्ये त्याने सदोष मनुष्यवध मान्य करूनही भोगलेली दोन वर्षं पुरेशी धरली, वर ५० लाख रुपये आणि दोन वर्षं समाजसेवेचा आदेश दिला. कार्टर रोडची तीन वर्षं तोकडी ठरवून तेव्हा सात महिनेही झाले नव्हते. दलबीर सिंग निकालात जरबेला वजन आहे, दिल्लीच्या निकालात सुधारणेला. आपल्याकडे इंग्लंडसारखी शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं नाहीत, जिथे न्यायाधीश आधी दोषाची पायरी ठरवतो, मग नुकसानीची, मग त्या चौकटीत वर-खाली सरकतो आणि चौकट सोडली तर का सोडली ते लिहितो. आपल्या कायद्यात बहुतेक ठिकाणी फक्त वरची मर्यादा आहे. खालची सगळी जागा मोकळी.

पुण्यातल्या मे २०२४ च्या अपघातातल्या अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्यावर जी चर्चा झाली, तिच्यात एक गल्लत होती, ती इथे दूर केलेली बरी. तो निबंध शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. दोष ठरण्याआधी यातली कोणतीच उपपत्ती लागू होत नाही. आणि बाल न्याय कायदा मुळात पुनर्वसनासाठी लिहिलेला आहे, त्यामुळे तिथे प्रतिशोधाचं माप लावायचं तर आधी मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, हा वेगळा निर्णय बाल न्याय मंडळाला घ्यावा लागतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. हयगयीने मृत्यूचं कलम आता १०६(१) आहे आणि कमाल शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर गेली आहे. जरबेच्या दृष्टीने यातून फार अपेक्षा ठेवण्याचं कारण नाही, पण प्रतिशोधाच्या मापात फरक पडतो. आधी दोन आणि दहा यांच्यामध्ये मोठी दरी होती, त्यामुळे सरकारी पक्ष जाणीव सिद्ध करण्यासाठी जिवाचं रान करायचा आणि ते फसलं की शिक्षा एकदम काही महिन्यांवर यायची. आता ती दरी आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आली आहे. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकासाठी दहा वर्षांपर्यंतची तरतूद असलेलं १०६(२) मात्र, जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर, बाकीच्या संहितेबरोबर लागू करण्यात आलं नाही.